पाच पानी टूडी इको रिपोर्ट रेफरल फाइलसाठी एका पानात कसा बसवावा?

बालाघाटी | सोमवार, रात्री १०:१२

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी छोट्या दवाखान्यात आरएमओ आहे. बीएएमएस. इको मी करत नाही, मला फक्त वाचता येतो, तोही बेताचाच.

एक पेशंट आहे, वय ३१, ऊसतोड कुटुंबातली. तापासाठी आली होती. स्टेथोस्कोप लावला तर छातीत मोठा मर्मर. टूडी करायला पाठवली, रिपोर्ट आला पाच पानांचा: दोन पानं आकडे, दोन पानं मजकूर आणि शेवटच्या पानावर प्रिंट चिकटवलेल्या. आता तिला संभाजीनगरला सर्जनकडे पाठवायचं आहे. तिथल्या ओपीडीतून फोनवर सांगितलं, "सगळे कागद जोडा, पण वर एक पान सारांश लावा. कप्प्यांची मापं, झडपा, ईएफ. बाकी आम्ही बघतो."

मी असं लिहिलंय:

एलए ५२, एलव्हीआयडी-डी ६२, एलव्हीआयडी-एस ३४, दोन्ही भिंती ९, सगळे मिमी. आरव्ही नॉर्मल.
मायट्रल: रुमॅटिक, पडदे जाड, सिव्हिअर एमआर, माइल्ड एमएस. एऑर्टिक नॉर्मल. माइल्ड टीआर, आरव्हीएसपी ४८.
ईएफ ६०%, गुड एलव्ही फंक्शन.

अडचण ईएफची, म्हणजे डावा कप्पा दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो त्या आकड्याची. रिपोर्टात तो तीन ठिकाणी आहे. एम-मोडच्या तक्त्यात ५७, पुढच्या पानावर सिम्प्सनने ५५ आणि शेवटी इम्प्रेशनमध्ये ६०. खाली सही इम्प्रेशनच्या पानावर आहे म्हणून मी ६० घेतला. बरोबर केलं का? आणि पेशंट म्हणते तिला काहीच त्रास नाही.

हिंगोलीचा_पाटील | सोमवार, रात्री १०:२५

एवढं काय अवघड आहे त्यात? पाचही पानं १५० डीपीआयला ब्लॅक अँड व्हाइट स्कॅन करा, दोन एमबीच्या आत येतंय. आमच्या सेतू केंद्रात रोज करायलाव.

बालाघाटी | सोमवार, रात्री १०:२९

पाटील, फाइलचं वजन नाही हो, मजकूर कमी करायचाय :)

हिंगोलीचा_पाटील | सोमवार, रात्री १०:३१

मग चुकून आलो. बसतो आता, धागा बरा दिसायलाय.

साधा_एमबीबीएस | सोमवार, रात्री १०:५०

डॉक्टर, फार विचार करू नका. ईएफ ५५ च्या वर म्हणजे नॉर्मल. ५५, ५७, ६० हे सगळे एकच, इकोमध्ये पाच टक्के इकडेतिकडे होतातच. "ईएफ नॉर्मल" लिहा आणि सोडून द्या. सर्जन तिकडे पुन्हा टूडी करणारच आहे. आपण पोस्टमन.

पडद्यामागची | सोमवार, रात्री ११:४०

लातूरला इको टेक्निशियन आहे, एकोणीस वर्षं हेच काम. थोडं लांब लिहिते, जेवून बसलेय.

बालाघाटी सर, ईएफ बाजूला ठेवा. आधी तुमच्या पानावरचे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून बघा. डावा कप्पा फुगलेला असताना ६२ आणि आकुंचन पावल्यावर ३४. म्हणजे २८ मिमी आत आला. ६२ मधले २८ म्हणजे ४५ टक्के. यालाच तक्त्यात एफएस म्हणून छापलेलं असतं, ईएफच्या जवळच. तुमच्या तक्त्यात एफएस किती छापलाय ते सांगता का?

कारण एफएस ४५ असेल तर त्याच मापांवरून मशीनने ईएफ ७५ च्या आसपास काढायला हवा. तुमच्याकडे तर तीनही ठिकाणी साठच्या आत-बाहेर आहे. हृदय ७५ ने चालतंय आणि कागद ५७ म्हणतोय, असं होत नाही. कुठला तरी एक आकडा चुकलाय, आणि मला संशय ३४ चा आहे.

साधा_एमबीबीएस | सोमवार, रात्री ११:५२

ताई, टेक्निशियनने मोजताना कर्सर थोडा तिरका लागला तरी असा फरक पडतो ना?

पडद्यामागची | मंगळवार, सकाळी ७:१५

तिरका लागला तर माप चुकेल, पण त्या मापावरून काढलेला एफएस आणि ईएफसुद्धा त्याच चुकीसोबत जातील. मशीन गणित चुकवत नाही. मापं एक सांगतात आणि त्यांच्यावरूनच काढलेला ईएफ दुसरंच सांगतो, तेव्हा चूक मशीन आणि कागद यांच्यामध्ये कुठे तरी झालेली असते. म्हणजे टायपिंगमध्ये. मशीनवर माप सेंटिमीटरमध्ये येतं, रिपोर्टचा नमुना मिलिमीटरचा असतो, आणि मधे एक माणूस बसून ते हाताने भरतो. दिवसाला तीस-तीस रिपोर्ट. मीही भरलेत, मला माहीत आहे.

शेवटच्या पानावरच्या प्रिंटमध्ये एम-मोडचं चित्र शोधा. आडव्या पट्ट्यांचं, लाटांसारखं दिसणारं. त्याच्या कडेला बारीक अक्षरात LVIDd, LVIDs असं असेल. ते वाचून सांगा.

नळदुर्गकर | मंगळवार, सकाळी ७:४०

वडिलांचा टूडी मागच्या महिन्यात केला. त्यात "ट्रिव्हिअल टीआर" आणि "ग्रेड १ डायस्टोलिक डिसफंक्शन" असं लिहिलंय. घरात सगळे रडायलेत. त्यांनाही सर्जनकडे न्यावं का? वय ७१.

पडद्यामागची | मंगळवार, सकाळी ७:५५

काका, ट्रिव्हिअल टीआर चांगल्या माणसांतही निम्म्यांना सापडतं. ग्रेड १ पण सत्तरीत नेहमीचंच. बीपी बघत राहा, आणि रिपोर्ट ज्यांनी लिहून दिला त्यांनाच एकदा दाखवा. सर्जन नको. घरच्यांना चहा करून द्या.

नळदुर्गकर | मंगळवार, सकाळी ७:५८

बाबाच म्हणाले आधी, "ट्रिव्हिअल म्हणजे काय, विचार कुणाला तरी." धन्यवाद ताई.

बालाघाटी | मंगळवार, दुपारी १:२०

तक्त्यात एफएस ३१ आहे! आणि प्रिंट काढून बघितली, भिंग लावून. थर्मल कागद आहे, तिच्या नवऱ्याने मोटारसायकलच्या डिकीत ठेवला होता, एक कोपरा काळा पडलाय. पण आकडे वाचता आले.

```
LVIDd  6.18 cm
LVIDs  4.28 cm
```

म्हणजे ४३. तक्त्यात उलटून ३४ झालाय. आणि ६२ मधून ४३ गेले तर १९, म्हणजे ३१ टक्के, एफएस बरोबर जुळतो. ताई, तुम्ही कागद न बघता ओळखलंत.

हिंगोलीचा_पाटील | मंगळवार, दुपारी १:३१

सातबाऱ्यावर असंच होतंय. ४३ आरचं ३४ आर. तिथं नऊ गुंठे जातेत, इथं काय जातंय ते सांगा कुणी.

फाइल_घेणारा | मंगळवार, रात्री ९:०५

पाटलांचा प्रश्न नेमका आहे, मी उत्तर देतो. मी दुसऱ्या बाजूला बसतो. मोठ्या हॉस्पिटलात कार्डिॲक सर्जरीला निवासी डॉक्टर आहे, अशा फायली रोज उघडतो.

साधा_एमबीबीएस यांचं म्हणणं बाकी पेशंटच्या बाबतीत चालेल, या पेशंटच्या बाबतीत नाही. एमआर म्हणजे मायट्रल झडप गळतेय. डावा कप्पा आकुंचन पावला की रक्ताचा काही भाग पुढे शरीरात जातो आणि काही भाग मागे एलएमध्ये, म्हणजे वरच्या डाव्या कप्प्यात, परत जातो. मागे ढकलायला जोर कमी लागतो, तिकडे दाब कमी असतो. ईएफ मोजताना मात्र पुढे गेलेलं आणि मागे गेलेलं दोन्ही "बाहेर टाकलं" म्हणूनच मोजलं जातं. त्यामुळे सिव्हिअर एमआरमध्ये चांगल्या स्नायूचा ईएफ साठच्या वर असायला हवा. ५७ असेल तर स्नायू थकायला लागलाय. पेशंटला त्रास नसला तरी ईएफ ६० किंवा त्याखाली, किंवा आकुंचनानंतरचं माप ४० मिमी किंवा त्यावर, यातलं एक जरी असलं तरी ऑपरेशनचा विचार करायचा, असं मार्गदर्शक सूचनांत आहे.

आता तुमचं मूळ पान बघा. एलव्हीआयडी-एस ३४, ईएफ ६०, गुड एलव्ही फंक्शन, पेशंटला त्रास नाही. माझ्या टेबलावर आलं असतं तर वाचून वाटलं असतं, रेषेवर आहे, सहा महिन्यांनी परत टूडी करू. खरं पान आहे ४३ आणि ५७. दोन्ही रेषा ओलांडलेल्या. पाटील, नऊ गुंठ्यांच्या जागी हे जातं.

एक मात्र सांगून ठेवतो. या रेषा प्रामुख्याने पडदा सैल होऊन गळणाऱ्या पेशंटवरून आल्यात. रुमॅटिक झडपेला त्या तंतोतंत लावाव्यात का, यावर आमच्याकडेही राउंडला वाद होतो. पण आकडा खरा असेल तरच वाद घालता येतो.

साधा_एमबीबीएस | मंगळवार, रात्री ९:३०

मान्य. "नॉर्मल" हा शब्द इथे चुकीचा होता. पण तरी विचारतो, हे सगळं रेफर करणाऱ्याने लिहायचं का? "एमआर असल्याने ५७ हा कमी समजावा" असं आरएमओने लिहिलं तर उद्या कोणी विचारेल, तुम्हाला कुणी सांगितलं.

फाइल_घेणारा | मंगळवार, रात्री ९:४८

नको लिहू. अर्थ आम्ही लावतो, आकडा आणि तो कसा मोजला ते तुम्ही द्या. "ईएफ ५७, एम-मोड, ५५, सिम्प्सन, इम्प्रेशनमध्ये ६०." तीनही एका ओळीत बसतात. त्यातला एक निवडून बाकीचे पुसायचे नाहीत. इम्प्रेशनमधला ६० बहुतेक नजरेने सांगितलेला किंवा नमुन्यात आधीच छापलेला असतो. "गुड एलव्ही फंक्शन" हे शब्द तर कित्येक ठिकाणी कोणी खोडेपर्यंत तसेच राहतात.

पडद्यामागची | मंगळवार, रात्री १०:१०

इथे मी थोडी वेगळी बोलेन. नजरेने सांगितलेला ईएफ नेहमीच कमी दर्जाचा नसतो. अनुभवी डॉक्टर चारी बाजूंनी हृदय हलताना बघतात, एम-मोड एकाच रेषेवर मोजतो. भिंतीचा एखादा भाग हलत नसेल आणि रेषा चांगल्या भागातून गेली, तर एम-मोडचा ईएफ साफ खोटा. या बाईंच्या रिपोर्टात भिंतींच्या हालचालीत दोष लिहिलेला नाही, म्हणून इथे एम-मोड चालून जाईल. हार्ट अटॅकच्या पेशंटच्या सारांशात मी कधीच एम-मोडचा ईएफ पहिला लिहिणार नाही.

अजून एक. सर, टूडीच्या वेळी नाडी कशी होती? एलए ५२ आहे, इतक्या मोठ्या एलएमध्ये नाडी अनियमित असू शकते. तशी असेल तर प्रत्येक ठोक्याला ईएफ वेगळा येतो, आणि रिपोर्टात एकाच ठोक्याचा असेल तर ५५ आणि ५७ मधला फरक असाही निघेल.

बालाघाटी | मंगळवार, रात्री १०:२२

ईसीजी माझ्याकडेच काढलाय, सायनस आहे, ९२. टूडीच्या कागदावर नाडी लिहिलेली नाही, बीपी पण नाही.

फाइल_घेणारा | मंगळवार, रात्री १०:३५

मग ते दोन्ही तुमच्याकडून टाका, तारखेसकट. गळती बीपीवर कमी-जास्त दिसते. बीपी खूप कमी असताना केलेला टूडी "मॉडरेट" म्हणेल आणि तोच पेशंट आठवड्याने सिव्हिअर. आणि उंची-वजन. ४० मिमीची रेषा सगळ्यांना एकच आहे, पण पाच फुटांच्या आतल्या, चाळीस किलोच्या बाईच्या हृदयात ४३ हे सहा फुटी माणसापेक्षा जास्त मोठं.

आरव्हीएसपी ४८ लिहिलंय तिथे मूळ ग्रेडियंट काय आहे? ४८ मध्ये आरएचा दाब धरून किती मिळवलाय ते कळत नाही. कोणी ५ मिळवतं, कोणी १०. पुढच्या टूडीशी तुलना करताना घोळ होतो.

बालाघाटी | मंगळवार, रात्री १०:४४

मजकुराच्या पानावर "टीआर ग्रेडियंट ३८" आहे. म्हणजे १० मिळवलेत. "३८ + १०" असं लिहितो.

मोठा प्रश्न आता वेगळाच. सारांशात ४३ लिहिलं तर जोडलेल्या रिपोर्टात ३४ आहे. वाचणाऱ्याला वाटेल मीच चुकलो. आणि ३४ लिहिलं तर जाणूनबुजून चूक लिहिली.

तुळजाई | मंगळवार, रात्री १०:५८

रिपोर्टवर पेनने दुरुस्त करून सही करा, विषय संपला. आमच्या पीएचसीत असंच करतेत.

पडद्यामागची | मंगळवार, रात्री ११:०५

नाही ताई! दुसऱ्याच्या सहीच्या कागदावर पेन चालवायचा नाही. हवं तर भांडण होऊ द्या, पण जिथे टूडी झाला तिथे फोन करा, तारीख आणि रिपोर्ट नंबर सांगा. मशीनमध्ये अभ्यास साठवलेला असतो, ते पुन्हा उघडून बघतील आणि दुरुस्त रिपोर्ट देतील. दिला नाही तर सारांशात जसं आहे तसं लिहा: "तक्त्यात ३४, एम-मोड प्रिंटवर ४.२८ सेमी, एफएस ३१ हा ४.२८ शी जुळतो." वाचणारा दहा सेकंदांत समजेल. आणि थर्मल प्रिंटचा आजच फोटो काढा. एप्रिलच्या उन्हात डिकीत अजून दोन दिवस राहिली तर चित्र काळं आणि पुरावा गायब.

फोटो इथे टाकणार असाल तर नाव आणि नंबर झाकून.

नळदुर्गकर | बुधवार, सकाळी ८:१०

मी बाबांच्या रिपोर्टचं वजाबाकीचं गणित केलं. जुळलं. चहा झाला.

साधा_एमबीबीएस | बुधवार, सकाळी ९:०२

एक प्रश्न राहिलाच. पेशंट म्हणते त्रास नाही. त्रास असता तर ४० आणि ६० च्या रेषांची गरजच काय? सिव्हिअर एमआर आणि धाप असेल तर सर्जन तसाही घेईल ना?

फाइल_घेणारा | बुधवार, दुपारी २:३०

हो, आणि हा प्रश्न पहिल्यांदा विचारायला हवा होता. मीही आकड्यांत अडकलो. सारांशात ईएफच्या वर एक ओळ त्रासाची हवी. पण "धाप लागते का" असं विचारलं की या भागातल्या बाया नाहीच म्हणतात. मी मूळचा धारूरकडचा, आई-वडील कोयत्यावर जायचे. बालाघाटी सर, तिला विचारा, यंदा मोळ्या कोण वाहत होतं.

बालाघाटी | गुरुवार, रात्री ९:५०

उशीर झाला, कॅम्प होता.

फोन केला. पहिल्यांदा "डॉक्टर प्रोसिजरमध्ये आहेत", दुसऱ्यांदा टायपिस्ट भेटला. रिपोर्ट नंबर सांगितला, त्याने मशीनवर बघितलं आणि गप्प झाला. संध्याकाळी सही केलेला नवा रिपोर्ट आला, ४३. इम्प्रेशन मात्र तसंच, "गुड एलव्ही फंक्शन, ईएफ ६०". डॉक्टर स्वतः फोनवर म्हणाले, "मला बघून साठ वाटतो, मी साठच म्हणणार." वाद घातला नाही, तीनही आकडे लिहिले.

मग पेशंटला मोळ्यांचं विचारलं. ती काही बोलली नाही, नवरा बोलला. दिवाळीनंतर कारखान्यावर गेले तेव्हापासून हिने एकही मोळी गाडीत टाकली नाही. फळीवर चढताना मधेच बसायची. तो तोडायचा आणि तोच वाहायचा. मुकादम म्हणायचा अर्धाच कोयता आलाय. रात्री उशी उंच करून झोपते का विचारलं, तर म्हणाला, पालात उशी कुठली, पेंढीला टेकून बसून झोपते.

आता पान असं झालंय:

त्रास: पाच महिन्यांपासून ओझं वाहताना आणि चढताना धाप, रात्री टेकून झोपते. बीपी ११०/७०, नाडी ९२ सायनस, उंची १४८ सेमी, वजन ४१ किलो.
कप्पे: एलए ५२, एलव्हीआयडी-डी ६२, एलव्हीआयडी-एस ४३ (आधीच्या रिपोर्टात ३४, दुरुस्त रिपोर्ट जोडला आहे), भिंती ९ व ९. भिंतींची हालचाल सगळीकडे सारखी. आरव्ही नॉर्मल.
झडपा: मायट्रल रुमॅटिक, पडदे जाड, सिव्हिअर एमआर, माइल्ड एमएस. एऑर्टिक नॉर्मल. माइल्ड टीआर, ग्रेडियंट ३८ + १०.
ईएफ: एम-मोड ५७, सिम्प्सन ५५, इम्प्रेशन ६०.
एलएमध्ये रक्ताची गाठ: रिपोर्टात उल्लेख नाही.

शेवटची ओळ ठेवावी का काढावी कळेना.

पडद्यामागची | गुरुवार, रात्री १०:०५

ठेवा. "गाठ नाही" आणि "उल्लेख नाही" यात फरक आहे, आणि तुम्ही तो बरोबर लिहिलाय.

फाइल_घेणारा | गुरुवार, रात्री १०:२०

ठेवा. माइल्ड एमएसमध्ये झडपेचं क्षेत्रफळ रिपोर्टात असेल तर तेही टाका, नसेल तर असू द्या. इतकी गळती असताना तो आकडा मलाही फारसा भरवशाचा वाटत नाही.

तुळजाई | गुरुवार, रात्री १०:३१

उशीचं वाचून कसंसं झालं. जन आरोग्य योजनेची कागदपत्रं आत्ताच सोबत द्या, रेशन कार्ड आणि आधार. नाहीतर तिथून परत गावाला चक्कर होते.

बालाघाटी | गुरुवार, रात्री १०:४०

दिलीत. आधारवर नाव माहेरचं आहे आणि रेशन कार्डावर सासरचं.

हिंगोलीचा_पाटील | गुरुवार, रात्री १०:४२

आता माझा विषय आला. व्यनि करा डॉक्टर, सकाळी नऊला सेतू उघडतंय.